स्किनकेअर ब्रँडसाठी प्रश्नार्थक कॅप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून छोट्या स्किनकेअर ब्रँडांची कॅप्शनं लिहिणं हे माझं काम. "लाइक येतात, पण कमेंट येत नाहीत" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की फोन उचलतानाच कळतं. खालचे प्रश्न ब्रँड चालवणाऱ्यांनी आणि नव्याने कॅप्शन लिहायला लागलेल्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. बहुतेक उत्तरं इन्स्टाग्राम डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. थेट हवा तो प्रश्न वाचलात तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे तसं लिहिलंय.

१. प्रश्न विचारला की वाटतं आपण कमेंटची भीक मागतोय. प्रश्न आणि भीक यांत नेमका फरक काय?

तुम्हाला उत्तर हवंय की नुसती कमेंट, एवढाच. "तुमचा आवडता फेसवॉश कोणता? कमेंटमध्ये नक्की सांगा, निदान एक हार्ट तरी टाका!" या कॅप्शनखाली कोणी "काकडी" असं लिहिलं तरी ब्रँडचं काही बिघडत नाही. वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं, म्हणून तो पुढे सरकतो.

मी कॅप्शन लिहून झालं की एकच गोष्ट तपासते: याला वीस जणांनी खरोखर उत्तर दिलं, तर सोमवारी आपण काय वेगळं करणार? पंपाची बाटली बदलून ट्यूब आणणार, प्रवासाचा छोटा पॅक काढणार, की त्या उत्तरांवर पुढची पोस्ट लिहिणार? काहीच करणार नसू, तर तो प्रश्न खोडायचा.

दुसरी, झटपट तपासणी अशी: कॅप्शनमधून "कमेंट", "नक्की", "प्लीज" आणि खाली बोट दाखवणारी इमोजी काढून टाका. उरलेला प्रश्न शेजारणीला जिन्यात विचारता येईल असा वाटला तर ठेवा.

२. फेसबुक आणि इन्स्टाग्राम अशा पोस्ट मुद्दाम खाली ढकलतात हे खरं आहे का?

फेसबुकच्या बाबतीत खरं आहे, आणि ते त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी अशा मागणीवजा पोस्टचे पाच प्रकार सांगितले आणि त्या कमी लोकांना दाखवू असं जाहीर केलं: मत द्यायला लावणं, ठरावीक रिअ‍ॅक्शन द्यायला लावणं, शेअर करायला लावणं, मित्रांना टॅग करायला लावणं आणि ठरावीक शब्द कमेंट करायला लावणं. "तेलकट त्वचा असेल तर लाइक, कोरडी असेल तर हार्ट" हे त्यातलं अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणता येईल.

त्याच घोषणेत एक सवलतही होती. लोकांकडे मदत, सल्ला किंवा शिफारस मागणाऱ्या पोस्टना हा नियम लागू नाही. म्हणजे प्रश्न विचारणं हा गुन्हा नव्हताच. इन्स्टाग्रामसाठीही मी तेच धरून चालते. यंत्राने ढकललं की माणसाने, पोस्ट खाली जायची ती जातेच.

३. चांगला प्रश्न तयार कसा होतो? एखादं उदाहरण पहिल्या खर्ड्यापासून दाखवाल का?

एप्रिल महिना, पुण्यातला छोटा ब्रँड, जेल सनस्क्रीन. मालकांचा निरोप: "सनस्क्रीनची पोस्ट, खाली चर्चा झाली पाहिजे."

पहिला खर्डा सगळ्यांचा सारखाच असतो: "उन्हाळा आला! तुम्ही सनस्क्रीन लावता का?" याला दोनच उत्तरं. "हो" म्हणणाऱ्याकडे पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि "नाही" म्हणणाऱ्याला शाळेत गृहपाठ न केल्यासारखं वाटतं. ब्रँडलाही या उत्तरावर हार्ट देण्यापलीकडे काही बोलता येत नाही.

मग माणूस दुसऱ्या टोकाला जातो: "सनस्क्रीनबद्दलचा तुमचा अनुभव सांगा." हा निबंधाचा विषय झाला. बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभा असलेला माणूस निबंध लिहीत नाही.

तिसरा खर्डा हुशारीचा: "एसपीएफ ३० आणि ५० यांत फरक काय, माहितीये?" ही परीक्षा. उत्तर ठाऊक नसलेले गप्प बसतात, आणि ज्यांना ठाऊक आहे ते एकदा उत्तर देऊन मोकळे. पहिलं बरोबर उत्तर आलं की बाकीच्यांना लिहिण्यासारखं काही राहत नाही.

या तिन्हींमध्ये माणूस कोण, कुठे, किती वाजता हे नाही. म्हणून मी आधी माणूस शोधते. पुण्यात तो शोधायला लागत नाही: गाडीवर, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेली मुलगी. आता तिच्या चेहऱ्यावरच्या सनस्क्रीनचं काय होतं? ते स्कार्फला लागतं. ही गोष्ट तिला रोज दिसते, पण तिला कोणी विचारलेली नसते. तयार झालेलं कॅप्शन असं:

"स्कार्फ सोडला की सनस्क्रीन चेहऱ्यावर कमी आणि स्कार्फवर जास्त, असं होतं का? गाडीवरून ऑफिसला जाताना तुम्ही घरूनच लावून निघता, की पोचून स्कार्फ काढल्यावर लावता? आम्ही ट्यूबवर 'बाहेर पडण्यापूर्वी १५ मिनिटं' असं छापलंय खरं, पण सकाळी नऊला ती १५ मिनिटं कोणाकडे असतात ते आम्हालाही ठाऊक आहे."

याला लोक काय लिहितील याचा अंदाज बसतो, आणि तो बसलाच पाहिजे. कोणी म्हणेल, "पोचून वॉशरूममध्ये लावते." कोणी म्हणेल, "स्कार्फ असताना सनस्क्रीन कशाला?" कोणी तक्रार करेल, "काळा स्कार्फ पांढरा होतो." तिन्ही उत्तरांना ब्रँडकडे काहीतरी सांगण्यासारखं आहे. पहिलीला, की मग रस्त्यावरचा तास चेहरा सनस्क्रीनशिवाय गेला. दुसरीला, की पातळ सुती कापडातून काही अतिनील किरण आत येतात, आणि डोळ्यांभोवतीचा भाग नि हातांचे पंजे तर उघडेच असतात. तिसरं उत्तर थेट फॉर्म्युला बनवणाऱ्यांकडे जायचं. झिंक ऑक्साइडचा पांढरेपणा कापडावर उतरतोय का, हे त्यांना प्रयोगशाळेत बसून समजणार नाही.

चांगला प्रश्न ओळखायची माझी रीत हीच आहे. मनातल्या मनात तीन वेगळ्या माणसांची तीन उत्तरं लिहून बघायची. ती एकमेकांसारखी आली, किंवा त्यावर ब्रँडला काही बोलताच आलं नाही, तर पुन्हा माणूस शोधायला बसायचं.

४. प्रश्न कॅप्शनच्या सुरुवातीला ठेवावा की शेवटी?

फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं "more" दाबल्यावर उघडतं. शेवटी ठेवलेला प्रश्न बहुतेकांना दिसतच नाही. म्हणून प्रश्नातला प्रसंग पहिल्या ओळीत आला पाहिजे. वरच्या उदाहरणात स्कार्फ पहिलाच शब्द आहे. प्रत्यक्ष प्रश्नचिन्ह दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात आलं तरी चालतं.

शेवटी मात्र दुसरा प्रश्न चिकटवू नका. "आणि हो, तुमची त्वचा कोणत्या प्रकारची?" असं पुढे आलं की वाचणारा नक्की कशाचं उत्तर द्यायचं या विचारात पडतो आणि कशाचंच देत नाही. एका पोस्टला एक प्रश्न. किंमत, कुठे मिळेल, किती मिलिलिटर हेही कॅप्शनमध्येच लिहून टाका, नाहीतर खाली फक्त "किंमत?" आणि "डीएम केलाय" यांची रांग लागते आणि त्यात खरी उत्तरं बुडून जातात.

५. मराठीत "तू" म्हणावं की "तुम्ही"? आणि "मैत्रिणींनो" चालेल का?

"तुम्ही". "तू" ठेवलं की जवळीक येते खरी, पण भूतकाळात लगेच अडचण होते: "तू घरी आलास" की "आलीस"? एका शब्दात निम्मे वाचक बाहेर. "तुम्ही घरी आलात" यात बाई-पुरुष दोघंही बसतात. "मैत्रिणींनो" ने पुरुष बाहेर जातात, आणि दाढीनंतरची आग, हेल्मेटच्या पट्ट्याखालचे फोड याबद्दल मनापासून लिहिणारे पुरुष बरेच असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. ग्राहक मात्र ब्रँडला "ताई" म्हणतात आणि म्हणू द्यावं. उत्तर देताना त्यांनाही "ताई" किंवा "दादा" म्हटलं तर ओशाळल्यासारखं होत नाही. "डियर" म्हटलं तर होतं.

शब्दांचंही तसंच. "तारुण्यपीटिका" पुस्तकात शोभते; कमेंटमध्ये लोक "पिंपल" किंवा "पुटकुळी" लिहितात. उलट काही ठिकाणी मराठी शब्द इतका नेमका आहे की इंग्रजी वापरणं म्हणजे नुकसान. "टॅन" लिहिलं तर लोक वाचून पुढे जातात. "गावाला चार दिवस राहून आलात, घरच्यांनी दारातच 'किती रापलीस गं' किंवा 'किती रापलास रे' म्हटलं का?" असं लिहिलं की आई, मावशी, आत्या सगळ्या कमेंटमध्ये हजर होतात. घामोळं, वांग, टाचेच्या भेगा, ओठ फुटणं, हे शब्द जपून ठेवा.

६. लोक स्वतःच्या चेहऱ्याबद्दल चारचौघांत लिहायला लाजतात. मग विचारायचं काय?

चेहऱ्याबद्दल विचारूच नका. वस्तूबद्दल, वेळेबद्दल, जागेबद्दल विचारा.

"तुमच्या चेहऱ्यावर वांग आहेत का?" याला स्वतःच्या नावाने उत्तर देणं म्हणजे सासरच्या, ऑफिसच्या, कॉलेजच्या सगळ्या ओळखीच्यांसमोर कबुली देणं. हाच विषय "घरात कोणता आरसा खोटं बोलतो, बाथरूममधला की लिफ्टमधला?" असा विचारता येतो. लोक हसून उत्तर देतात आणि लिफ्टच्या पांढऱ्या दिव्यात डाग कसे ठळक दिसतात हेही आपणहून लिहितात. त्यांना सांगायचं तेवढं त्यांनी सांगावं, तुम्ही खेचून काढू नका.

खरोखर नाजूक माहिती हवी असेल, समजा पाळीच्या आधी हनुवटीवर येणाऱ्या पुटकुळ्यांबद्दल, तर पोस्ट सोडून स्टोरीतला प्रश्नांचा स्टिकर वापरा. तिथलं उत्तर फक्त ब्रँडच्या खात्याला दिसतं, आणि ते पुढे स्टोरीत दाखवलं तरी देणाऱ्याचं नाव दिसत नाही. अशा उत्तरांनी पोस्टखालच्या कमेंटचा आकडा वाढत नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवा.

७. "हो की नाही" किंवा "अ की ब" असे प्रश्न वाईटच का?

वाईट नाहीत, अपुरे आहेत. "जेल की क्रीम?" याला लोक एका शब्दात उत्तर देतात आणि गोष्ट तिथेच संपते. त्याला गाव आणि महिना जोडा. "ओठ फुटायला तुमच्या गावी कधी सुरुवात होते, दिवाळीच्या आधी की नंतर?" हाही अ-की-ब प्रश्नच आहे. पण नागपूरचा माणूस त्याच्या हिवाळ्याबद्दल बढाई मारतो, मुंबईकर "हिवाळा म्हणजे काय?" असं विचारतो आणि नाशिककर मध्ये पडतो. कारण आपोआप येतं, "का ते सांगा" म्हणावं लागत नाही. मत द्यायला इमोजी मात्र वापरायला लावू नका, त्याचं कारण प्रश्न २ मध्ये आहे.

८. प्रश्न चांगला होता, तरी एकही कमेंट नाही. घरच्यांना, स्टाफला चार कमेंट टाकायला सांगू का?

ग्राहक असल्याचं सोंग आणून, नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस ही शिफारस करणाऱ्याचं खरं मत असावी लागते आणि ब्रँडशी असलेलं नातं लपवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, एका ब्रँडच्या पोस्टखाली मालकांच्या आडनावाच्या तीन कमेंट ओळीने आलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या इतरांनीही पाहिल्या.

पहिलं उत्तर स्वतः द्या, उघडपणे. "आमच्या पॅकिंग विभागातल्या दोघी पोचून लावतात, तिसरी लावतच नाही आणि आम्ही तिच्या मागे लागलोय." असं ब्रँडच्या खात्यावरून लिहून ती कमेंट वर पिन करा. यातून लोकांना उत्तराची लांबी कळते आणि "लावत नाही" म्हणणंही चालतं हे कळतं. पहिलं बोलण्याचं धाडस बहुतेकांना नसतं, दुसरं बोलायला सगळे तयार असतात.

मग कारण शोधा. पोस्ट पोचलीच कमी जणांपर्यंत, तर दोष प्रश्नाचा नसेलही. फोटो किंवा वेळ बघा. पोचली नेहमीइतकी, सेव्हही झाली, पण कमेंट नाहीत, तर लोकांना माहिती आवडली आणि प्रश्नाशी काही देणंघेणं वाटलं नाही. तोच विषय महिनाभराने वेगळा माणूस धरून विचारा. दुसऱ्या दिवशी "कोणीच उत्तर दिलं नाही, आम्ही वाट बघतोय" अशी स्टोरी टाकू नका. प्रश्न १ मधली भीक ती हीच.

९. उत्तरं आली. आता प्रत्येकाला काय लिहायचं?

प्रत्येकाला लिहा, पण सगळ्यांना एकच नको. "थँक यू सो मच" आणि हार्ट ओळीने पंधरा वेळा दिसलं की सोळावा माणूस लिहीत नाही. समोरच्याच्या उत्तरातला एक शब्द उचलून त्यावर पुढचा छोटा प्रश्न विचारा. तिने लिहिलं, "काळा स्कार्फ पांढरा होतो." तुम्ही लिहा, "धुतल्यावर निघतो का, की डाग राहतो?" ही माहिती तुम्हाला खरोखर हवी आहे, आणि ती परत येऊन उत्तर देते.

आणि मिळालेल्या उत्तराचं काय केलं ते सांगा. आठवड्याभरात एक पोस्ट: "स्कार्फवाल्या पोस्टवर सगळ्यात जास्त तक्रार पांढऱ्या डागाची होती. पुढच्या बॅचमध्ये काय बदलता येतंय ते बघतोय, जमलं नाही तर तेही सांगू." अशी एक पोस्ट गेली की पुढचा प्रश्न लोक वेगळ्या नजरेने वाचतात. मालकांना ही पोस्ट नको असते, कारण तिच्यात विक्री नाही. मी दर वेळी भांडते आणि दोनपैकी एकदा जिंकते.

१०. कमेंटमध्ये कोणी उपचारच विचारला, किंवा "तुमच्या सीरमने तोंड सुजलं" असं लिहिलं तर?

आधी सुजल्याबद्दल. कमेंट पुसायची नाही. तिथेच, सगळ्यांना दिसेल असं लिहा: "वापर लगेच थांबवा, साध्या पाण्याने धुवा. सूज डोळ्यांपर्यंत किंवा ओठांवर असेल, श्वासाला त्रास होत असेल तर आत्ता डॉक्टरांकडे जा. बॅच नंबर आणि तुमचा फोन नंबर आम्हाला मेसेजमध्ये पाठवा, आम्ही फोन करतो." आणि खरोखर फोन करा. वाचणारे बाकीचे शंभर जण तुम्ही काय करता ते बघत असतात.

उपचाराचं जास्त अवघड आहे, कारण तुमच्याच प्रश्नाने लोकांना बोलतं केलेलं असतं. एका ब्रँडसाठी मी "रात्री झोपताना शेवटचं काय लावता?" असं विचारलं होतं. मला वाटलं होतं कोल्ड क्रीम, साजूक तूप, खोबरेल तेल अशी उत्तरं येतील. ती आलीच, पण तीनचार जणींनी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबची नावं लिहिली, आणि त्या स्टेरॉइड मिसळलेल्या होत्या. एकीने लिहिलं, "बंद केलं की तोंड लाल होतं म्हणून रोज लावते." तोंडावर स्टेरॉइड अनेक महिने लावल्यावर असंच होतं: त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि थांबवलं की लाली उसळते. अशा वेळी "ते बंद करून आमचं सीरम लावा" लिहिणं हा मोह आणि घात दोन्ही. आम्ही लिहिलं, "या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. आपल्या मनाने सोडू नका आणि चालूही ठेवू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर आमचंही काही लावू नका." ट्यूबचं नाव असलेल्या कमेंट झाकल्या, म्हणजे वाचून दुसरं कोणी आणायला नको, आणि त्या ताईंना मेसेज करून का झाकली ते सांगितलं.

गरोदर बायकांचे प्रश्न हमखास येतात. रेटिनॉल गरोदरपणात टाळायचं असतं, एवढं ब्रँडने स्वतःच्या उत्पादनाबद्दल स्पष्ट सांगावं. त्यापुढे "तुमच्या डॉक्टरांना विचारा", आणि घटकांची पूर्ण यादी पाठवावी म्हणजे त्यांना विचारायला काहीतरी हातात असेल.

११. प्रश्नचिन्ह असल्यावर तो दावा थोडाच होतो? "सात दिवसांत मुरूम गेले तर?" असं लिहिता येईल ना?

नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात "सात दिवसांत मुरूम जातात" एवढंच राहतं, आणि जाहिरात तपासणारेही वाचणाऱ्याला काय समजतं तेच बघतात. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला मदत करणारं, रूप बदलणारं. रोग बरा करणं हे औषधाचं काम. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर बनवलेल्या क्रीमने प्रश्न विचारून औषध होता येत नाही.

"गोरं व्हायचंय का?" हा प्रश्न तर कुठल्याच वेषात नको. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, २०१४ मध्येच सांगितलं की जाहिरातीने त्वचेच्या रंगावरून भेदभाव दाखवू नये, सावळा माणूस दुःखी किंवा मागे पडलेला दाखवू नये. २०२० मध्ये देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमने नावातलं "फेअर" काढलं. तरीही "लग्नाआधी उजळायचंय?" अशी कॅप्शनं येतात. "उजळ" हा शब्द मराठीत दोन अर्थांचा आहे आणि लिहिणाऱ्याला त्यातला कोणता हवाय ते शेजारच्या फोटोवरून कळतंच.

एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. ग्राहकाने आपणहून लिहिलं, "माझा एक्झिमा गेला", तर ते तिचं मत. तुम्ही तीच कमेंट उचलून पोस्ट केली की तो तुमचा दावा. आणि "यामुळे तुमचं काय काय बरं झालं?" असा प्रश्न विचारून अशा कमेंट गोळा करणं म्हणजे दावा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं. त्याऐवजी पोत, वास, चिकटपणा, बाटलीचं झाकण यांबद्दल विचारा. ती उत्तरं बिनधास्त पुन्हा वापरता येतात, अर्थात लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन.

१२. आजीचे घरगुती उपाय विचारले की कमेंटचा पाऊस पडतो. पण त्यात लिंबू आणि खायचा सोडाही येतो. काय करावं?

उपाय विचारू नका, आठवण विचारा. "डागांवर तुमच्या घरी काय लावतात?" या प्रश्नाला लिंबू येणारच. लिंबाचा रस खूप आम्लधर्मी असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचेवर फोड येऊन नंतर काळे चट्टे राहू शकतात. ब्रँडच्या पोस्टखाली असा सल्ला पन्नास लाइक घेऊन वर बसला तर तो तुमचाच सल्ला वाटतो.

आठवणीचा प्रश्न असा: "नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा पहिला वास कोणत्या खोलीत यायचा?" कोणी नागरमोथ्याबद्दल लिहितं, कोणी कपूरकाचरीबद्दल, कोणी थंडीने कुडकुडत पाटावर बसल्याबद्दल. यात कोणी कोणाला तोंडाला काही लावायला सांगत नाही. तरीही लिंबू आलंच, तर त्या कमेंटला चेष्टा न करता उत्तर द्या: "आमच्याकडेही लावायचे, पण उन्हात चट्टे उठतात म्हणून आता सांगत नाही." कोणाच्या आजीला खोटं पाडलंत तर पुढच्या वेळी ती नात काही लिहिणार नाही.

१३. गिव्हअवेमध्ये तर "कमेंट करा, दोन मैत्रिणींना टॅग करा" लिहावंच लागतं. तिथे काय?

स्पर्धेत तुम्ही काहीतरी देताय आणि बदल्यात काहीतरी मागताय, हे उघड असल्यामुळे तिथे मागणं खटकत नाही. पण टॅगची अट मी काढायला लावते. टॅग केलेल्या दोघी साबणाच्या स्पर्धेसाठी आलेल्या असतात, त्या निकालाच्या दिवशी निघून जातात. त्याऐवजी प्रवेशाची अट एक खरं उत्तर ठेवा, आणि विजेता उत्तरावरून निवडणार की चिठ्ठीने, ते आधीच लिहा. नियमांमध्ये शेवटची तारीख, कुठल्या भागात पार्सल पाठवाल आणि या स्पर्धेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही, हे वाक्य हवंच. ती त्यांची अट आहे. निवडलेली उत्तरं पुढे जाहिरातीत वापरायची असतील तर प्रश्न ११ चा शेवटचा भाग वाचा.

१४. दर पोस्टला प्रश्न विचारावा का?

नको. आठवड्यात एक पुरे, तोही उत्तरं वाचायला कोणी मोकळं असेल त्या दिवशी. रविवारी रात्री पोस्ट टाकून सोमवारी दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही, तर लोक रिकाम्या घरात हाक मारल्यासारखे परत जातात.

१५. असे काही प्रसंग आहेत का, जिथे प्रश्न विचारूच नये?

किंमत वाढवताना. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलंत तर लोक सांगतील, आणि किंमत तुम्ही आधीच ठरवलेली असते. किती वाढली, कधीपासून, जुन्या किमतीत किती दिवस मिळेल, एवढंच लिहा.

बॅच परत मागवताना. तिथे बॅच नंबर, काय बिघडलं, पैसे कसे मिळतील हे हवं. व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी पडल्याच्या तक्रारी आल्यावर एका ब्रँडने "तुमच्या सीरमचा रंग कोणता?" अशी खेळकर पोस्ट टाकायची ठरवली होती. ॲस्कॉर्बिक ॲसिड हवा आणि उजेड लागून ऑक्सिडाइझ झालं की आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं, हे त्यांना माहीत होतं. पंपातून हवा आत जात होती हेही. प्रश्नाचं उत्तर आधीच हातात असताना ग्राहकाला विचारणं म्हणजे त्याच्याकडून तक्रारीची मजा करून घेणं. पोस्ट थांबवली, पंप बदलला, आणि नवीन बाटलीच्या पोस्टवर विचारलं: "सीरम कुठे ठेवता, बाथरूमच्या फळीवर की कपाटात?" पहिल्याच ताईंनी लिहिलं, "फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी."